चिनी कुरियर कंपनीला कडक तक्रारपत्र लिहायचंय (पेटी फुटली, 204 युआन घ्या म्हणतायत)

सुझौचा_सद्या
नमस्कार मंडळी, मी सुझौला असतो, नोकरी निमित्त चार वर्षं झाली. इथल्या आमच्या ग्रुपच्या गणपतीत माझी हार्मोनियम वाजते, यावेळी ग्वांगझौच्या मित्राने मागितली त्यांच्या आरती-भजनाला म्हणून कुरियरने पाठवली, आणि पोचली ती फुटून. बाहेरचा खोका एका कोपऱ्यात आत गेलेला, भाता फाटलाय, पट्ट्यांखालची फळी उभी तडकलीये. इथे पेटी दुरुस्त करणारा माणूस शोधणं म्हणजे वाळवंटात उसाचा रस शोधण्यासारखं आहे.
कंपनीचं म्हणणं असं की तुम्ही बाओज्या (किंमत जाहीर करून वर थोडे पैसे भरायचे ते) केलं नव्हतं, त्यामुळे कुरियरच्या पैशांच्या तिप्पट मिळतील, 68 गुणिले 3, 204 युआन. पेटी पुण्याहून 24 हजार रुपयांना घेतली होती, दोन वर्षांपूर्वी, बिल आहे. म्हणजे साधारण 2000 युआन.
माझं बोलायचं चिनी ठीकठाक आहे पण लिहायचं म्हटलं की वीचॅटच्या पुढे जात नाही. मी एक पत्र लिहिलंय, त्याचा मराठीत गोषवारा असा: "तुमची सेवा फार वाईट आहे, मी खूप दुःखी आणि नाराज आहे, ही पेटी माझ्यासाठी भावनिक वस्तू आहे, तुम्ही मला काहीतरी भरपाई द्याल अशी आशा करतो, नाहीतर मी सगळीकडे तुमची बदनामी करेन." हे पुरेसं कडक आहे का?

नाशिकची_मिरची
माझं पण असंच झालं होतं!! पुण्याहून नाशिकला मिक्सर पाठवलेला, जार फुटलं, कंपनीने फोनच उचलला नाही. शेवटी नवीन जार घेतलं. कुरियरवाले सगळीकडे सारखेच बघा.

लिहूनघ्या_वकीलबाई
सद्या, चीनचा कायदा मला माहीत नाही पण वाचूनच सांगते, शेवटचं वाक्य आधी काढून टाक. पैसे द्या नाहीतर बदनामी करतो हे कुठल्याच देशात लेखी द्यायचं नसतं, उद्या तेच तुझ्यावर उलटतं.

मोठेकाका_शांघाय
मी 9 वर्षं शांघायला होतो, आता रिटायर होऊन ठाण्यात. माझा अनुभव असा की चिनी माणसाला "तोंड" फार महत्त्वाचं, त्याला कोपऱ्यात पकडलंत तर तो हलणार नाही. गोड लिहा, त्या पेटी बांधणाऱ्या मुलाचं कौतुक करा, तुम्ही परदेशी पाहुणे आहात असं लिहा, मग बघा. कडक बिडक काही लिहू नका. आणि तिप्पट हा तिकडचा पोस्टाचा कायदाच आहे हो, मला पण तेवढेच मिळाले होते, त्यामुळे फार आशा ठेवू नका.

ग्वांगझौ_गोडाऊन
काका, माफ करा, पण दोन्ही मुद्दे अर्धेच बरोबर आहेत. मी इथे 11 वर्षं माल पाठवण्याच्या धंद्यात आहे आणि असली पत्रं महिन्याला एखादं तरी लिहितो.
तिप्पटचं आधी. पोस्टाच्या कायद्यात तिप्पटचा नियम आहे, पण तो सरकारी पोस्टाच्या मूळ सेवेतल्या रजिस्टर टपालाला, विमा नसेल तर. खाजगी कुरियरला तो लागत नाही. 2018 पासून कुरियरची वेगळी नियमावली आहे, तिच्या 27व्या कलमात सरळ लिहिलंय की किंमत जाहीर केली असेल तर कंपनी आणि पाठवणारा यांच्यात ठरलं तसं, आणि केली नसेल तर साध्या दिवाणी कायद्याप्रमाणे. आता ही तिप्पट येते कुठून, तर कंपनीच्या ॲपमधल्या बारीक अक्षरातल्या अटीतून. म्हणजे तो कायदा नाही, करारातली अट आहे, आणि करारातल्या अटीशी भांडता येतं. दिवाणी संहितेच्या 496व्या कलमाप्रमाणे अशी आधीच छापून ठेवलेली अट, जी एका बाजूची जबाबदारी कमी करते, ती समोरच्याच्या नजरेस नीट आणून द्यायची जबाबदारी छापणाऱ्याची. नाही आणली तर ती अट करारात धरलीच जाऊ नये असं म्हणता येतं.
आता सद्या तू सांग: बुकिंग कसं केलंस? पेटी कोणी बांधली? पावतीवर वस्तूचं नाव काय आहे? आणि ग्वांगझौला खोका कोणी, कुठे, कधी घेतला? याशिवाय पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

सुझौचा_सद्या
बापरे, एवढं विचारतील असं वाटलं नव्हतं. सांगतो.
बुकिंग पेटी न्यायला आलेल्या कुरियरच्या पोरानेच स्वतःच्या फोनवरून केलं, मी फक्त माझा पासपोर्ट दाखवला आणि क्यूआर कोडवर पैसे भरले, मला कुठलीच अट दिसली नाही. पेटी त्यानेच बांधली, फुगे असलेला प्लॅस्टिक कागद आणि खोका त्याचा, त्याचे 20 युआन वेगळे घेतले, वीचॅट पेमेंटमध्ये दिसतायत. बांधताना मी दोन फोटो काढले होते, ते मित्राला "निघाली बघ" म्हणून पाठवायला.
पावतीवर वस्तूचं नाव त्याने "रोजच्या वापराच्या वस्तू" टाकलंय 🤦 आणि कंपनी आता तेच धरून बसलीये, म्हणे रोजच्या वापराची वस्तू 2000 ची कशी.
ग्वांगझौला माझ्या मित्राला फोन न करताच यीजानमध्ये (कॉलनीतलं पार्सल ठेवायचं दुकान) टाकलं, ॲपवर "सही झाली" असं दाखवतंय पण सही त्या दुकानानेच केली. मित्र संध्याकाळी ऑफिसहून येताना घेऊन आला, खोका दबलेला होता म्हणून दुकानात एक फोटो काढला, घरी उघडला आणि रात्री 9 ला मी कस्टमर केअरला लिहिलं. उघडतानाचा व्हिडिओ नाही.

ग्वांगझौ_गोडाऊन
व्हिडिओ नाही हे वाईट पण बाकी तुझी बाजू माझ्या मते बरी आहे, बऱ्याच लोकांकडे यातलं अर्धंही नसतं. 20 युआन पॅकिंगचे घेतले हा तुझा हुकमाचा पत्ता आहे रे. कंपनी नेहमी म्हणते की पाठवणाऱ्याने नीट बांधलं नव्हतं, कारण पाठवणाऱ्याची चूक असली की वाहतूकदार सुटतो. इथे बांधणारा तोच, पैसे घेणारा तोच.
"रोजच्या वापराच्या वस्तू" हे ती पोरं सवयीने टाकतात, सगळ्यालाच टाकतात. लपवू नकोस, उलट पत्रातच लिही की आतली वस्तू काय आहे ते तुमच्या माणसाने समोर पाहून बांधलं. आणि पेटीला चिनीत अकॉर्डियनचा शब्द वापरू नकोस, मागे एकाने तसं केलं आणि समोरच्याने लहान मुलांच्या 200 युआनच्या अकॉर्डियनचं पान काढून दाखवलं.
आता तुझ्या मसुद्याबद्दल, शब्दांत खूप फरक पडतो. तू बहुतेक "बूछांग" लिहिलं असणार, बरोबर? बूछांग म्हणजे आमच्याकडून काहीतरी मनाची समजूत. त्यावर ते 20 युआनचं कूपन पाठवतील आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. नुकसानीची जबाबदारी म्हणून भरपाई हवी तर "पेइछांग" लिहायचं. तसंच "आशा करतो" काढ, तिथे "आता मागणी करतो" असं लिही. आणि भावनिक वस्तू वगैरे सगळं काढ, त्याचे पैसे इथे मिळणार नाहीत आणि पत्र रडकं होतं.

सुझौचा_सद्या
हो बूछांगच लिहिलं होतं 😅 डिक्शनरीत दोन्हीचा अर्थ सारखाच दिला होता.

मोठेकाका_शांघाय
मग माझं गोड बोलणं अगदीच वाया का?

ग्वांगझौ_गोडाऊन
नाही काका, गोड बोलणं फोनवर त्या पोराशी. त्याला कंपनी दंड लावते, अशा तक्रारीत बऱ्याचदा त्याच्याच खिशातून जातात, तो सद्याला विनवण्या करेल, तिथे माणुसकीने वागा. पण कागदावर चिनी पद्धत अशी की भाषा आदराची आणि मजकूर दगड. कंपनीला "ग्वेइ गोंगस" म्हणजे आपली माननीय कंपनी म्हणायचं, स्वतःला "बेनरन" म्हणायचं, "मी" नाही, आणि उद्गारचिन्ह एकही नाही. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की या माणसाने अशी पत्रं आधी लिहिली आहेत.

त्रिशूळ_इवू
मी इवूला असतो, मी तर ताओबाओवर काही फुटकं आलं की दुकानदाराला फोटो पाठवतो, दहा मिनिटांत पैसे परत. एवढं पत्रबित्र कशाला? ग्राहक तक्रारीच्या 12315 ला फोन लाव.

ग्वांगझौ_गोडाऊन
त्रिशूळभाऊ, ते खरेदीचं प्रकरण. तिथे रस्त्यातली जोखीम दुकानदाराची असते, तू कुरियरशी भांडायचंच नाहीस. सद्याने स्वतःची वस्तू पाठवलीये, इथे करार त्याचा आणि कुरियरचा, म्हणून पत्रही मित्राने नाही, सद्यानेच लिहायचं, पाठवणारा म्हणून. आणि कुरियरच्या सेवेसाठी नंबर 12305, पोस्ट खात्याचा. 12315 ला लावलंस तरी बहुतेक तिकडेच पाठवतील.
सद्या, तुझ्यासाठी लिहिलंय. तारखा आणि पावती नंबर भर. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन अक्षरांची जागा सोडलीये ती तशीच ठेव, इथे परिच्छेद असाच सुरू करतात.

```
索赔函

××速递有限公司客服部：

　　本人于×月×日在苏州向贵公司交寄快件一件（运单号：××××），
内件为印度簧风琴一台，由贵公司揽收员当面查验并包装，
本人已付包装费20元、运费68元。该件未经收件人同意即被投放至驿站，
收件人未能当面验收。×月×日取件当晚发现琴身开裂、风箱破损，
已无法使用，本人随即向贵公司客服反映。

　　贵公司仅同意按运费三倍赔偿204元，本人不予接受。
寄件时贵公司未以合理方式提示该限额条款，
且包装由贵公司完成，损毁应由贵公司承担赔偿责任。

　　现要求贵公司赔偿人民币2088元（大写：贰仟零捌拾捌元整），
并于收到本函之日起7日内书面答复。逾期未答复或拒不赔偿的，
本人将依法向邮政管理部门申诉，并保留向人民法院起诉的权利。

　　　　　　　　　　　　　　　　寄件人：××
　　　　　　　　　　　　　　　　×年×月×日
```

लिहूनघ्या_वकीलबाई
मला एक अक्षर कळत नाही पण आकार बघून बरं वाटलं 😄 मराठीत सांगाल का काय काय आहे, आणि ती रक्कम दोनदा का लिहिलीये?

ग्वांगझौ_गोडाऊन
ताई, पहिल्या परिच्छेदात नुसती हकीकत: काय पाठवलं, कोणी बांधलं, किती पैसे दिले, यीजानमध्ये न विचारता टाकलं त्यामुळे समोर तपासता आलं नाही, त्याच रात्री कळवलं. हे यीजानचं वाक्य मुद्दाम घातलंय, कारण ते म्हणणार "सही झाली म्हणजे माल ठीक होता". घेणाऱ्याला समोर तपासून घ्यायचा हक्क आहे, आणि 1 मार्च 2024 पासून न विचारता लॉकरमध्ये किंवा अशा दुकानात टाकायला बंदीच आहे. दुसऱ्या परिच्छेदात तुमचे 204 मला मान्य नाहीत आणि का नाहीत. तिसऱ्यात किती हवेत, किती दिवसांत, नाही दिले तर मी कुठे जाणार.
रक्कम दोनदा म्हणजे एकदा आकड्यात आणि एकदा बँकेत वापरतात त्या जाड्या अक्षरांत. साधा एक म्हणजे एक आडवी रेघ, त्यात वर एक रेघ मारली की दोन, म्हणून पैशांच्या कागदावर वेगळी अवघड अक्षरं असतात. आपल्या चेकवर "अक्षरी रुपये" लिहितो तसंच. 2088 म्हणजे पेटीचे 2000, कुरियर 68, पॅकिंग 20.
आणि 7 दिवस हा आकडा मी मनाने घातलेला नाही, तक्रार आल्यापासून 7 दिवसांत निकाली काढून ग्राहकाला कळवणं त्याच 2018 च्या नियमावलीत आहे. लोक तीन दिवस लिहितात, 24 तास लिहितात, ते धमकीसारखं दिसतं आणि पोस्ट खात्यात त्याला काही अर्थ नसतो.

त्रिशूळ_इवू
कलमं का नाही टाकली पत्रात? 27, 496 वगैरे टाकली असती तर घाबरले असते ना. आणि 2088 का, 5000 लिहा, घासाघीस होऊन 2000 वर येईल. इवूचा नियम आहे हा.

ग्वांगझौ_गोडाऊन
कलम घालायला हरकत नाही, मी एरवी एखादं घालतो, पण पहिलं पत्र कस्टमर केअरचं पोरगं वाचणार, त्याला कायद्याचं काही नसतं, तो बघतो रक्कम किती, पुरावा आहे का आणि हा माणूस 12305 ला जाईल का. कलमं पुढच्या पायरीला ठेव.
5000 बिलकुल नको. बिल 24 हजार रुपयांचं जोडणार आणि मागणार 5000 युआन, मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

लिहूनघ्या_वकीलबाई
मला वाटतं खरी अडचण त्या 2000 ची आहे. वस्तू दोन वर्षं वापरलेली, नवीन किमतीची भरपाई कोणी का देईल?

ग्वांगझौ_गोडाऊन
ताईंनी बरोबर नाडी पकडली. संहितेत आहे की रक्कम आधी ठरली नसेल तर जिथे पोचवायची होती तिथला पोचवण्याच्या वेळचा बाजारभाव. आता ग्वांगझौमध्ये हार्मोनियमचा बाजारभाव कुठून आणणार? कंपनी वापराची घट धरणारच. इकडे सद्या म्हणू शकतो की नवीन आणायची तर भारतातून मागवावी लागेल, त्याचा वाहतूक खर्च वेगळा, जो मी मागतही नाहीये. कोण कुठे थांबेल हे मी सांगू शकत नाही.
बिलाचं चिनी भाषांतर करून घे, भाषांतर कंपनीचा शिक्का असलेलं, कोर्टात गेलं तर परक्या भाषेतला कागद भाषांतराशिवाय चालत नाही. आणि पत्रावर सही करताना पावतीवर जे नाव आहे तेच, तुझं चिनी नाव असेल तर ते आणि पुढे पासपोर्टवरचं. मागे एकाचं नाव जुळत नाही म्हणून आठवडा गेला.

सुझौचा_सद्या
पाठवायचं कसं? ॲपमध्ये चिकटवू का?

ग्वांगझौ_गोडाऊन
ॲपमध्ये फोटो टाक, आणि कागदावर छापून सही करून सरकारी पोस्टाच्या ईएमएसने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठव. पाकिटाच्या पावतीवर "आत काय आहे" या रकान्यात हाताने पत्राचं शीर्षक 索赔函 आणि पावती नंबर लिही, नाहीतर उद्या ते म्हणतील पाकिटात कोरा कागद होता. पोचल्याची नोंद निघाली की तिचा स्क्रीनशॉट. तिथून 7 दिवस मोज.

नाशिकची_मिरची
म्हणजे कुरियरची तक्रार कुरियरने पाठवायची 😂 तीही फाटून पोचली तर?

सुझौचा_सद्या
(12 दिवसांनी) अपडेट देतो, उशीर झाला, मध्ये गणपती होते.
पत्र पोचल्याच्या पाचव्या दिवशी फोन आला, बाई अतिशय नम्र, 600 युआन देतो म्हणाल्या. मी म्हटलं लेखी द्या. लेखी काही आलं नाही. आठव्या दिवशी 12305 ला शनसू म्हणजे सरकारी तक्रार टाकली, पत्र, पॅकिंगचे फोटो, पेमेंट, यीजानचा फोटो सगळं जोडून. तीन दिवसांत दुसऱ्याच माणसाचा फोन, हा वरचा वाटला, 1400 देतो पण शनसू मागे घ्या आणि "एकरकमी भरपाई मिळाली, पुढे काही मागणार नाही" असं लिहून द्या. आणि पहिल्यांदाच कोणीतरी पेइछांग म्हणालं, बूछांग नाही.
त्या पॅकिंगवाल्या पोराचाही मेसेज आलाय, म्हणतोय दादा माझे पगारातून कापतील. काय करू?

मोठेकाका_शांघाय
घ्या हो. 204 चे 1400 झाले, देवाची कृपा.

लिहूनघ्या_वकीलबाई
आधी पैसे मग सही. निदान कागदावर कोणत्या तारखेपर्यंत देणार ते लिहून घे. तो "पुढे काही मागणार नाही" कागद एकदा दिलास की उरलेले 688 विसरायचे.

त्रिशूळ_इवू
मी असतो तर कोर्टात गेलो असतो, 1400 पर्यंत आले म्हणजे घाबरलेत.

ग्वांगझौ_गोडाऊन
कोर्टाचं म्हणशील तर 10 हजार युआनच्या आतल्या दाव्याला फी 50, साध्या प्रक्रियेत निम्मी म्हणजे 25. माल जिथून निघाला तिथेही दावा चालतो, म्हणजे तुझ्याच सुझौत. पण त्या तिप्पटच्या अटीवर कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत, आणि तुझ्या केसमध्ये बुकिंग पोराच्या फोनवरून झालंय हे तुला दाखवता आलं पाहिजे, तो आता तुझ्या बाजूने बोलेल का? शनसूचं म्हणशील तर पोस्ट खातं मध्यस्थी करतं, रक्कम वसूल करून देत नाही. मी तुझ्या जागी असतो तर 1600 मागून 1500 ला मिटवलं असतं, पण हे माझं झालं, मला रोज त्यांच्याकडून माल पाठवायचा असतो.
पोराचं मात्र फोनवर त्या वरच्या माणसाला स्पष्ट सांग की माझी तक्रार कंपनीविरुद्ध आहे. ऐकतील याची खात्री नाही.

सुझौचा_सद्या
1600 मागितलेत, आणि तारीख लेखी मागितलीये, सोमवारी कळवतो म्हणाले. पोराला मी सांगितलं की पत्रात तुझं नाव नाही, तो म्हणाला पावतीवर माझा कोड आहे दादा.
बाकी पेटीचं, मित्राने भात्याला कापडी टेप लावून आरती निभावली. काळी चारच्या वर काही वाजत नव्हतं म्हणे, सगळ्यांनी खालच्या पट्टीत म्हटलं.

नाशिकची_मिरची
सद्या सोमवारी नक्की लिही हं. आणि कोणाला माहितीये का पुण्यात तसलं मिक्सरचं जार सुटं कुठे मिळतं?